निफाडच्या बागेतला नोड कोणत्या क्लॉकवर चालवायचा: क्रिस्टल, आतला आरसी की पीएलएल?

द्राक्षबागेतल्या मांडवाच्या खांबाला एक पांढरी पेटी लावलेली असते. आत छोटा बोर्ड असतो, त्यालाच नोड म्हणतात. तो दर दहा मिनिटांनी हवेचं तापमान, आर्द्रता आणि पानाचा ओलावा मोजतो, आणि तासाला एकदा मोडेम चालू करून आकडे पाठवतो. डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी कधी घ्यायची हे या आकड्यांवरून ठरतं. त्यामुळे पान रात्री किती तास ओलं होतं, याचं उत्तर बऱ्यापैकी बरोबर यायला हवं. निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, आणि मे महिन्यात उन्हातल्या बंद पेटीच्या आत 60 अंश सहज होतात. बोर्डाला ही दोन्ही टोकं सोसावी लागतात.

असा बोर्ड करायला बसलं की पहिल्याच संध्याकाळी प्रश्न येतो: मायक्रोकंट्रोलरला क्लॉक कुठून द्यायचा? बरेच जण सवयीने 8 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावतात, पीएलएल चालू करतात, जास्तीत जास्त वेगाची सेटिंग निवडतात आणि पुढे जातात. बॅटरीवर चालणाऱ्या नोडसाठी ही निवड बहुतेक वेळा चुकीची असते. का, ते एका ठरावीक चिपवर हिशोब करून पाहू. चिप आहे STM32L051 आणि बॅटरी 3.6 व्होल्टचा, 2400 मिलिअँप-तासांचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल. दुसरी चिप असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

सगळ्यात आधी एक गोष्ट सुटी करून घ्यायला हवी. बोर्डावर क्लॉकची कामं दोन आहेत. एक म्हणजे वेळ सांभाळणं: दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं, आणि पहाटे 4 ला घेतलेल्या नोंदीवर 4 चीच वेळ. दुसरं म्हणजे प्रोसेसरला पळवणं. दोन्ही कामांना एकच क्लॉक लावला पाहिजे असं काही नाही, आणि इथे तर तो लावूच नये.

वेळेचं काम आधी घेऊ. चिपच्या आत एक हळू चालणारा आरसी ऑसिलेटर असतो, LSI. नावाला तो 37 किलोहर्ट्झचा आहे, पण डेटाशीट त्याला 26 ते 56 अशी मोकळीक देते. म्हणजे 37 धरून लावलेली दहा मिनिटं एखाद्या चिपवर चौदा मिनिटं होऊ शकतात. वॉचडॉगसाठी तो ठीक आहे, घड्याळासाठी नाही. घड्याळाला 32.768 किलोहर्ट्झचा क्रिस्टलच हवा. तो LSE या ऑसिलेटरवर चालतो, प्रोसेसर गाढ झोपेत असतानाही चालू राहतो आणि साधारण अर्धा मायक्रोअँप खातो. इथे काटकसर करण्यासारखं काही नाही.

अचूकतेचे आकडे पीपीएममध्ये लिहितात, म्हणजे दशलक्षात किती. दिवसात 86,400 सेकंद असतात, म्हणून 20 पीपीएम म्हणजे दिवसाला 1.7 सेकंद. 1 टक्का म्हणजे 10,000 पीपीएम, दिवसाला 14 मिनिटांपेक्षा जास्त. क्रिस्टल आणि आरसी यांच्यातलं अंतर एवढं मोठं आहे.

हा छोटा क्रिस्टल तापमानाला कसा वागतो ते मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेकांचा अंदाज इथे चुकतो. तो गरमीत पुढे आणि थंडीत मागे जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो 25 अंशांच्या आसपास सर्वात वेगात असतो आणि दोन्ही बाजूंना मागेच पडतो:

```
फरक (ppm) = -0.034 × (T - 25)²
```

मेमधल्या 60 अंशांच्या पेटीत हा फरक 35 चा वर्ग गुणिले 0.034, म्हणजे जवळजवळ 42 पीपीएम येतो, दिवसभर तेवढीच गरमी राहिली तर 3.6 सेकंद. जानेवारीच्या पहाटे 5 अंशांना तो 13.6 पीपीएम असतो, दिवसाला 1.2 सेकंद. दोन्ही वेळा घड्याळ मागेच पडतं, म्हणून उन्हाळ्याची चूक हिवाळा भरून काढत नाही. वर क्रिस्टलचा स्वतःचा ±20 पीपीएमचा फरक असतो तो वेगळा. मोडेम नेटवर्ककडून वेळ घेत असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही. पण रेंज नसलेल्या शिवारात नोड महिनाभर एकटा राहणार असेल, तर आरटीसीच्या, म्हणजे चिपमधल्या घड्याळाच्या, RTC_CALR रजिस्टरमधून ही चूक भरता येते. तिथल्या CALM ची एक पायरी 0.954 पीपीएमने घड्याळ हळू करते आणि CALP एकदम 488.5 पीपीएमने जलद करतो. 42 पीपीएमने जलद करायचं तर CALP=1 आणि CALM=468 ठेवायचं: 512 मधून 468 गेले, 44 पायऱ्या उरल्या. तापमान चिपच्या आतल्या सेन्सरवरून घ्यावं. बाहेर पानांजवळ लावलेला सेन्सर पेटीच्या आतली गरमी सांगत नाही.

आता जिथे बोर्ड खरोखर अडकतात ती जागा. दुकानातून 32 किलोहर्ट्झचा क्रिस्टल आणला, दोन्ही बाजूंना 22 पिकोफॅरडचे कपॅसिटर लावले, टेबलावर चाललं. बागेत मात्र दहातले दोन बोर्ड सकाळी उठतच नाहीत. कारण हिशोबात आहे. STM32L0 मधल्या LSE ची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली आहे, वीज वाचावी म्हणून. तिच्या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर किती ओढीचा क्रिस्टल चालेल ते ठरलेलं आहे: 0.5, 0.75, 1.7 आणि 2.7 मायक्रोअँप प्रति व्होल्ट. या आकड्यांत पाचपट सुरक्षितता आधीच धरलेली आहे. रीसेटनंतर पायरी सर्वात खालची असते. क्रिस्टलची ओढ अशी काढतात:

```
gm_crit = 4 × ESR × (2πf)² × (C0 + CL)²
```

यात ESR हा क्रिस्टलचा स्वतःचा रोध, C0 त्याची स्वतःची धारिता आणि CL बाहेरून लागणारा लोड. ESR 70 किलोओहम आणि C0 1.4 पिकोफॅरड धरा, या आकाराच्या क्रिस्टलला असे आकडे नेहमीचेच. 12.5 पिकोफॅरड लोडचा क्रिस्टल घेतला तर उत्तर येतं 2.3, म्हणजे सर्वात वरची पायरी लागणार. तोच क्रिस्टल 7 पिकोफॅरडचा घेतला तर 0.84, म्हणजे तिसरी पायरी पुरते. कंसातल्या बेरजेचा वर्ग होतो, म्हणून लोड थोडा कमी केला तरी फायदा मोठा असतो.

कपॅसिटर निवडताना बोर्डाच्या रेघांची आणि पिनची मिळून सुमारे 3 पिकोफॅरड धारिता आधी वजा करायची आणि उरलेल्याची दुप्पट घ्यायची. 7 मधून 3 गेले, 4 उरले, दुप्पट 8, म्हणून दोन्ही बाजूंना 8.2 पिकोफॅरड. याच क्रिस्टलला 22 चे लावले तर लोड 14 वर जातो. मग ओढ 2.8 होते, वरच्या पायरीच्याही पलीकडे. वर घड्याळ साधारण 80 पीपीएमने मागे पडतं, दिवसाला सात सेकंद. टेबलावर तो चालला तो सुरक्षिततेच्या त्या पाचपटीच्या आधाराने. बागेत दंव, थंडी आणि पिनांभोवती राहिलेला फ्लक्स यांनी तो आधार संपवला. या ऑसिलेटरला काही मेगाओहमची गळतीही जड जाते. म्हणून क्रिस्टलभोवतीचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, वाळवावा आणि मगच वरून कोटिंग मारावं. न धुता कोटिंग मारलं तर फ्लक्स आणि ओलावा दोन्ही आत कायमचे बंद होतात.

पायरी बदलायचा कोड असा. ऑसिलेटर सुरू करण्याआधीच पायरी लावायची:

```c
RCC->APB1ENR |= RCC_APB1ENR_PWREN;
PWR->CR      |= PWR_CR_DBP;
RCC->CSR = (RCC->CSR & ~RCC_CSR_LSEDRV) | RCC_CSR_LSEDRV_1;
RCC->CSR |= RCC_CSR_LSEON;
```

यानंतर LSERDY बिटची वाट पाहायची, पण हा क्रिस्टल उठायला दोनेक सेकंद घेतो, हे लक्षात असू द्या. शंभर मिलिसेकंदांत टाइमआउट लावून LSI वर पळणारा कोड चांगल्या बोर्डालाही नापास करतो. क्रिस्टल चालू आहे का हे बघायला त्याच्या पिनला स्कोपचा प्रोब लावू नका. प्रोब स्वतःच दहाएक पिकोफॅरड आणतो, चालू ऑसिलेटर बंद पडतो किंवा वेग बदलतो, आणि दोष नसलेल्या जागी दोष दिसतो. LSE चा सिग्नल MCO पिनवर, म्हणजे PA8 वर, बाहेर काढा आणि तिथे मोजा.

आता प्रोसेसर पळवण्याचं काम. इथे चार पर्याय आहेत. MSI हा आतला आरसी, 65 किलोहर्ट्झपासून 4.2 मेगाहर्ट्झपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चालणारा. HSI16 हाही आतला आरसी, 16 मेगाहर्ट्झचा. HSE म्हणजे बाहेरचा मोठा क्रिस्टल. आणि पीएलएल, जो यांपैकी HSI16 किंवा HSE घेऊन गुणाकार-भागाकाराने 32 मेगाहर्ट्झपर्यंत नेतो.

पीएलएल स्वतः अचूक नसतो. सायकलचा गिअर बदलला म्हणून डळमळणारं पेडल सरळ होत नाही, तसंच हे. HSI16 जर 1.5 टक्के जलद असेल तर त्यातून काढलेले 32 मेगाहर्ट्झही 1.5 टक्के जलदच असतात, आणि थोडा जिटर वर मिळतो. ‘यूएआरटीवर कचरा येतो, पीएलएल लावून बघ’ हा सल्ला त्यामुळे फुकट जातो.

वीज किती लागते? 3 व्होल्टच्या आसपास फ्लॅशमधून कोड चालवताना ढोबळ आकडे असे: MSI 4.2 मेगाहर्ट्झला 0.65 मिलिअँप, HSI16 ला 2.6, आणि पीएलएल लावून 32 मेगाहर्ट्झला 6.3. यांत पीएलएलचा स्वतःचा खर्च आहेच, पण वेग वाढला की आतल्या रेग्युलेटरचं व्होल्टेजही वर न्यावं लागतं, आणि जास्त फटका त्याने बसतो.

‘लवकर काम उरकून लवकर झोपलं तर वीज वाचते’ असं नेहमी सांगितलं जातं. तपासून पाहू. एका मोजणीला 4 लाख सायकलचं काम आहे असं धरा. MSI वर त्याला 95 मिलिसेकंद लागतात आणि 62 मायक्रोकूलंब खर्च होतात. HSI16 वर 25 मिलिसेकंद आणि 65. पीएलएलवर 12.5 मिलिसेकंद आणि 79. म्हणजे निव्वळ आकडेमोडीचा खर्च जवळपास सारखाच, थोडा पीएलएललाच जास्त.

पण नोड बहुतेक वेळ आकडेमोड करत नसतो, वाट बघत असतो. SHT31 सेन्सरला अचूक मोजणीसाठी 15 मिलिसेकंदांपर्यंत लागतात. 9600 बॉडवरच्या मॉडबस सेन्सरला 8 बाइटचा प्रश्न पाठवायलाच 8.3 मिलिसेकंद जातात, मग सेन्सरचा विचार, मग उत्तर. अशी एकूण 60 मिलिसेकंदांची वाट धरली आणि प्रोसेसर त्या वेळात लूपमध्ये फिरत राहिला, तर MSI वर 39 मायक्रोकूलंब जातात, HSI16 वर 156, पीएलएलवर 378. सेन्सरला तुमच्या 32 मेगाहर्ट्झशी काही देणंघेणं नाही, तो त्याच्या वेळेनेच उत्तर देणार. दोन्ही मिळून MSI 101, HSI16 221, पीएलएल 457.

मग बॅटरी चौपट टिकेल का? नाही. दर दहा मिनिटांनी उठणाऱ्या नोडला मधल्या झोपेत आरटीसीसह साधारण 1 मायक्रोअँप लागतो, 600 सेकंदांचे 600 मायक्रोकूलंब. सरासरी काढली तर MSI ने 1.17 मायक्रोअँप आणि पीएलएलने 1.76. वर्षाचा फरक 5 मिलिअँप-तास. सेल स्वतःहूनच वर्षाला सुमारे 1 टक्का, म्हणजे 24 मिलिअँप-तास गमावतो. तेव्हा दहा मिनिटांच्या नोडमध्ये क्लॉकवर डोकं खपवण्याआधी सेन्सरची आणि मोडेमची वीज खरंच बंद होते का ते बघावं. तिथे शेकडो पट जास्त जातं.

वाऱ्याचे झोत टिपण्यासाठी हाच नोड दर दोन सेकंदांनी उठवला की चित्र पालटतं. मोडेमचा आणि सेन्सरचा खर्च बाजूला ठेवला तरी MSI वर सरासरी 51 मायक्रोअँप आणि सेल पाच वर्षांच्या वर, HSI16 वर 111 आणि सुमारे अडीच वर्षं, पीएलएलवर 229 आणि जेमतेम चौदा महिने. निवड ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की नोड किती वेळा उठतो आणि उठल्यावर किती वेळ नुसता थांबतो.

थांबण्याचा खर्च आणखी कमी करता येतो. या चिपमधला LPUART थेट LSE क्रिस्टलवर 9600 बॉड चालवू शकतो. प्रोसेसर Stop मोडमध्ये, MSI बंद, आणि मॉडबसचं उत्तर आलं की LPUART त्याला उठवतो. घड्याळासाठी लावलेला क्रिस्टल इथे दुसऱ्यांदा कामाला येतो, आणि बॉड रेटला आरसीचा डळमळीतपणा मुळीच लागत नाही.

राहिला मोडेम, 115200 बॉडवर. इथे अचूकता लागते, पण किती? एक अक्षर म्हणजे स्टार्ट, आठ डेटा आणि स्टॉप, असे दहा बिट. घेणारी बाजू स्टार्ट बिटच्या कडेपासून मोजते आणि स्टॉप बिटच्या मध्याला, म्हणजे 9.5 व्या बिटला, शेवटचं वाचते. तिथपर्यंत अर्ध्या बिटाहून जास्त सरकलं की चूक. 0.5 भागिले 9.5 म्हणजे 5 टक्क्यांच्या थोडं वर. नमुने घेण्याची खाच आणि सिग्नलच्या तिरक्या कडा वजा करून दोन्ही टोकांत मिळून 3 टक्क्यांच्या आत राहावं.

MSI 4.194 मेगाहर्ट्झला 115200 ने भागलं तर 36.41 येतात. 36 लावले की तापमानाआधीच 1.1 टक्का चूक, वर MSI चा स्वतःचा फरक. हे नको. HSI16 ला भागलं तर 138.9, म्हणजे 139, चूक फक्त 0.08 टक्का. HSI16 स्वतः 25 अंशांना ±1 टक्का आणि 70 अंशांपर्यंत ±2 टक्के. मोडेमच्या बाजूला क्रिस्टल असतो, त्यामुळे हे बसतं. त्यापुढे, 105 अंशांपर्यंतच्या पट्ट्यात, HSI16 उणे 4 टक्क्यांपर्यंत घसरू शकतो. पत्र्याच्या काळ्या पेटीत ठेवलेला नोड म्हणून दुपारी 2 ला गप्प होतो आणि संध्याकाळी आपोआप बोलू लागतो. दुपारीच मोडेमच्या उत्तरांत फ्रेमिंग एरर वाढत असतील तर संशय आधी इथेच घ्यावा.

उपाय बाहेरचा मोठा क्रिस्टल नाही. LSE आहेच. TIM21 च्या इनपुट कॅप्चरला LSE जोडा, प्रीस्केलर 8 ठेवा. आठ ठोक्यांना 244 मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्या वेळात 16 मेगाहर्ट्झचे 3906 काउंट व्हायला हवेत. 3984 आले तर HSI16 2 टक्के जलद आहे, म्हणजे 16.32 मेगाहर्ट्झ. मग बॉडचा भाजक 139 ऐवजी 142 लावायचा. मोडेम चालू करण्याआधी एकदा हे मोजलं की झालं. HSI16 ची ट्रिमही बदलता येते, पण तिची पायरी साधारण 0.4 टक्क्याची असते आणि ती बदलली की बाकीचे टायमरही हलतात. भाजक बदलणं जास्त शांतीचं.

याच जागी एक जुनं दुखणं भेटतं. Stop मोडमधून उठल्यावर चिप आधीच्या क्लॉकवर परत जात नाही, MSI वर उठते, किंवा STOPWUCK बिट लावला असेल तर HSI16 वर. पीएलएल तर बंदच असतो, पुन्हा चालू करून लॉक व्हायला शंभरेक मायक्रोसेकंद द्यावे लागतात. कोडने हे केलं नाही तर लक्षण ओळखीचं असतं: रीसेटनंतरचा पहिला संदेश स्वच्छ, आणि पहिल्या झोपेनंतरचे सगळे कचरा. आणि वेग वाढवताना फ्लॅशची वेट स्टेट आधी लावायची, मग क्लॉक बदलायचा. उलट केलं तर बोर्ड हार्डफॉल्टमध्ये जातो, आणि काही बोर्ड थंडीत चालतात नि गरमीत पडतात, ते जास्त वाईट.

HSE चा 8 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल कधी लावावा? कॅन बस असेल तेव्हा नक्की. यूएसबीलाही लागतो, कारण तिथे ±0.25 टक्क्याच्या आत राहावं लागतं. L0 कुटुंबातल्या यूएसबी असलेल्या चिप मात्र 48 मेगाहर्ट्झचा आतला आरसी यूएसबीच्याच ठोक्यावरून सुधारून घेतात, तिथे क्रिस्टल वाचतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या, चोवीस तास मेनवर चालणाऱ्या कॅन कंट्रोलरला HSE आणि पीएलएल दोन्ही खुशाल द्यावेत, तिथे दोन मिलिअँपची कोणी चौकशी करत नाही. बागेतल्या नोडला HSE उठायलाच सुमारे 2 मिलिसेकंद लागतात, HSI16 ला चारेक मायक्रोसेकंद.

तेव्हा निफाडच्या बोर्डाची मांडणी अशी ठरते: 7 पिकोफॅरड लोडचा 32.768 किलोहर्ट्झचा क्रिस्टल, 8.2 पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, LSE ची तिसरी पायरी. मोजणी MSI 4.2 मेगाहर्ट्झवर, मॉडबस LSE वरच्या LPUART ने, मोडेमपुरता HSI16 आणि त्याआधी एकदा LSE शी ताडून पाहिलेला भाजक. पीएलएल बंद. HSE च्या दोन्ही पिनना जागा ठेवायची असेल तर ठेवा, क्रिस्टल लावू नका.